दारू प्यायल्यावर जास्त लघवी का होते? घरी मोजून पाहिलं, पण एक कोडं सुटत नाहीये

मोजपट्टी

दारू प्यायली की सारखं उठावं लागतं, हे पिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मला मात्र नेहमी प्रश्न पडायचा की हे दारूमुळे होतं, की आपण तिच्याबरोबर जे पाणी ढोसतो त्यामुळे? म्हणून दोन रविवार मोजून पाहिलं.

पहिल्या रविवारी जेवणानंतर चार तासांनी लघवी करून आलो आणि अर्ध्या तासात ५०० मिली साधं पाणी प्यायलो. मग तीन तास, दर अर्ध्या तासाने, मापाच्या भांड्यात लघवी मोजली. दुसऱ्या रविवारी सगळं तसंच, फक्त ४४० मिली पाण्यात ४० टक्के अल्कोहोलची ६० मिली व्हिस्की. म्हणजे एकूण द्रव तेवढाच.

पाण्याच्या दिवशी: ३५, ९५, १६५, १३५, ७०, ४०. एकूण ५४० मिली.
व्हिस्कीच्या दिवशी: ३०, ११०, २१०, २००, १३०, ६०. एकूण ७४० मिली.

प्रश्न दोन आहेत. एक, वरचे २०० मिली आले कुठून? व्हिस्की तर सगळी मिळून ६० मिलीच होती. दोन, पहिल्या अर्ध्या तासात काहीच फरक का नाही? डोक्याला तर ती वीस मिनिटांत जाणवली होती.

सडाफटिंग

सोपं आहे. दारू शरीराच्या दृष्टीने विष. ते बाहेर काढायला किडनी जोरात काम करते, रक्तवाहिन्या रुंदावतात, किडनीतून जास्त रक्त जातं आणि जास्त गाळलं जातं. शिवाय पहिल्यांदा जाऊन आलं की बांध फुटतो, मग थांबत नाही. म्हणून आमच्यातले जुने लोक पहिली फेरी होईल तेवढी लांबवतात.

उत्तररात्र

सडाफटिंग, रक्तवाहिन्या रुंदावतात हे बरोबर, चेहरा लाल होतो तो त्यामुळेच. पण त्या त्वचेतल्या. एकदोन पेगांनी किडनीचं गाळणं काही वाढत नाही. आणि दारू बाहेर टाकायचं काम किडनीकडे जवळपास नसतंच, ते यकृत करतं. लघवीतून जशीच्या तशी जाणारी दारू अगदी थोडी, शेकडा दोनचार भाग.

मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते. आपण बाहेर टाकतो दीड-दोन लिटर. म्हणजे किडनीचं मोठं काम गाळण्याचं नसून गाळलेलं परत घेण्याचं आहे. यातला बहुतेक भाग आपोआप परत येतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण अगदी शेवटच्या टप्प्यावर, लघवी मूत्राशयाकडे निघण्याआधीच्या बारीक नळ्यांमध्ये, उरलेलं पाणी परत घ्यायचं की सोडून द्यायचं हे एका हार्मोनवर ठरतं. ते व्हॅसोप्रेसिन. ते असेल तर या नळ्यांच्या पेशी आपल्या भिंतीत पाण्यासाठी छोटी दारं बसवतात आणि पाणी आत ओढलं जातं. ते नसेल तर दारं काढून घेतली जातात आणि पाणी तसंच वाहून जातं.

हे हार्मोन तयार होतं मेंदूत, हायपोथॅलॅमसमधल्या मज्जापेशींत. त्या पेशींचे लांब धागे खाली पिट्युटरीच्या मागच्या भागात येतात आणि तिथे हार्मोन साठवलेलं असतं. रक्त जरा घट्ट झालं, क्षारांचं प्रमाण शेकडा एकदोन भागांनी वाढलं, की या धाग्यांतून संदेश जातो आणि साठा रक्तात सुटतो. दारू नेमकी हे सुटणं दाबते.

म्हणून तुमचे वरचे २०० मिली व्हिस्कीतून आलेले नाहीत. ते तुमच्याच अंगातलं पाणी आहे, एरवी परत घेतलं गेलं असतं ते.

आता उशिराबद्दल. दारूने नवं हार्मोन सुटणं थांबलं, तरी रक्तात आधीचं फिरत असतं. ते निम्मं व्हायला दहा ते वीस मिनिटं लागतात. मग नळ्यांतली दारं काढली जायला वेळ, मग लघवी मूत्राशयात उतरायला वेळ. पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही मोजली ती आधीच्याच हुकमाची लघवी होती.

बांध फुटण्याचं तेच. पहिल्या फेरीपर्यंत हार्मोन उतरलेलं असतं, म्हणून दुसरी फेरी लवकर येते. पहिली लांबवल्याने मूत्राशय तेवढं ताणलं जातं, लघवी तयार व्हायची ती होतच राहते.

निशिगंध_२

छान समजावलंत, पण मला एक खटकतंय. मोजपट्टींनी पाण्याच्या दिवशीही ५०० मिली पाणी प्यायलंय. एवढ्या पाण्याने रक्त पातळ होतं, म्हणजे व्हॅसोप्रेसिन त्या दिवशीही पडलं असणार. मग दोन्ही दिवशी हार्मोन कमीच होतं ना? फरक कसला?

उत्तररात्र

निशिगंधताई, हाच खरा प्रश्न आहे. उत्तर मोजपट्टींच्या आकड्यांतच आहे, पण बेरजेत नाही, क्रमात आहे.

दोन तासांपर्यंतची बेरीज करा. पाण्याच्या दिवशी ४३०. व्हिस्कीच्या दिवशी ५५०, म्हणजे जेवढं प्यायलं त्यापेक्षा जास्त तोवर निघून गेलं. आता त्यापुढचा अर्धा तास पाहा. पाण्याच्या दिवशी ७०, व्हिस्कीच्या दिवशी १३०.

पाण्यामुळे व्हॅसोप्रेसिन पडतं ते रक्त पातळ झालं म्हणून. जादा पाणी निघून जायला लागलं की रक्त पुन्हा मूळ पदावर येतं आणि हार्मोन आपोआप परत सुटायला लागतं. लघवी आपली आपण थांबते. दारूच्या दिवशी जादा पाणी गेलं, रक्त पहिल्यासारखं झालं, थोडं घट्टही झालं, संवेदक पेशींनी तसं कळवलंही, पण पिट्युटरीतून हार्मोन पुरेसं सुटत नाही. थांबायची वेळ झाली तरी थांबवणारा येत नाही. म्हणून सुरुवातीचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात आणि फरक शेपटीत दिसतो.

नेहमीची लघवी दोन्ही दिवशी यात मिसळलेली आहे, तेव्हा शेवटच्या आकड्यांवर फार भार देऊ नका. पण वळणाचा आकार बोलका आहे.

मोजपट्टी

हे मी पाहिलंच नव्हतं, मी नुसती बेरीज करत बसलो होतो. आणि आठवतंय, व्हिस्कीच्या दिवशी शेवटी शेवटी तहान लागली होती. पाण्याच्या दिवशी नाही.

पिपेट

मी रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. दारू प्यायलेल्या माणसाचं रक्त आमच्या यंत्रावर लावलं की ऑस्मोलॅलिटी वाढलेली येते, कधी कधी खूपच. नेहमी २८५ ते २९५ असते ती ३२० सुद्धा दिसते. मग रक्त घट्ट झालं म्हणून व्हॅसोप्रेसिन उलट वाढायला नको का? तुम्ही तर म्हणता एकदोन टक्के वाढलं तरी सुटतं.

उत्तररात्र

यंत्र रक्तात विरघळलेले सगळे कण मोजतं, त्यात दारूही आली. मेंदूतली संवेदक पेशी तसं मोजत नाही. तिच्यातून पाणी बाहेर ओढलं जाऊन ती आकसली, तरच तिला कळतं. सोडियम पेशीच्या बाहेर राहतं, म्हणून ते पाणी ओढतं. दारू पेशीच्या भिंतीतून सहज आत जाते, आतबाहेर सारखीच होते, पाणी कुठेच ओढलं जात नाही. तुमच्या यंत्राला ३२० दिसतात, पेशीला काहीच झालेलं नसतं. अशा वेळी सोडियम पाहिलंत तर ते जवळपास नेहमीसारखं निघेल.

चंद्रकोर

मुद्द्याचं बोलते. माझ्या मिस्टरांना ७ मिलिमीटरचा मूतखडा आहे. मित्र सांगतात रोज एक बिअर पी, लघवी वाढून खडा पडेल. इथे वाचून तर ते खरंच वाटतंय. द्यावी का?

उत्तररात्र

चंद्रकोरताई, लघवी वाढते हे खरं, पण ती कशाने वाढते हे बघू. ५ टक्क्यांची ५०० मिली बिअर घेतली तर त्यात निव्वळ अल्कोहोल २५ मिली, वजनाने २० ग्रॅम. मोजपट्टींच्या ६० मिली व्हिस्कीत २४ मिली, म्हणजे १९ ग्रॅम. जवळपास तेवढंच. १९४२ साली ग्रेस एगलटन यांनी माणसांवर मोजणी करून, एक ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण १० मिली लघवी जादा होते असा अंदाज दिला होता. त्या हिशोबाने व्हिस्कीमागे १९०, आणि मोजपट्टींना मिळाले २००. एका माणसाच्या एका दिवसाच्या मोजणीत इतकं जुळणं हा थोडा योगायोगही आहे, पण अंदाज चुकीचा नाही.

बिअरमागे जादा २००. पण बिअर स्वतःबरोबर पाऊण बाटलीहून जास्त, ४७५ मिली, पाणी घेऊन येते. बिअर पिणारा सारखा उठतो तो मुख्यतः त्या पाण्यामुळे. ते पाणी नुसतं प्यायलं तरी लघवी वाढेलच, आणि वरची दोनशे अंगातून जाणार नाही. मूतखड्याला लघवी दिवसभर पातळ राहावी लागते. बिअरने ती चार तास पातळ होते आणि नंतर उलट घट्ट होते, ते कसं हे पुढे लिहितो. शिवाय ७ मिलिमीटरचा खडा पाण्याने पडेलच असं नाही. तो कुठे अडकलाय हे सोनोग्राफीत बघून युरॉलॉजिस्टना ठरवू द्या. दुखत असताना ताप आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी जा.

चंद्रकोर

नाही देत मग. पाण्याचंच बघते.

वाटसरू_४१

मी जरा वेगळं लिहितो, पण या धाग्याशी संबंध आहे. माझ्या बहिणीची चार वर्षांपूर्वी पिट्युटरीच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिचं व्हॅसोप्रेसिन जवळजवळ बंदच झालं. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत आठ-नऊ लिटर लघवी व्हायची, पाण्यासारखी स्वच्छ, आणि तहान इतकी की पाण्याची बाटली हातातून सुटायची नाही. आता डेस्मोप्रेसिनच्या गोळीवर ती अगदी व्यवस्थित आहे.

तिच्याबरोबर एक गोष्ट लक्षात आली. समारंभात ती एखादा ग्लास वाइन घेते. आम्ही सगळे उठतो, ती उठत नाही. मला वाटायचं तिचं मूत्राशय मोठं असेल. आज वाचून वाटतं की कारण वेगळं असावं.

उत्तररात्र

वाटसरू, तुमच्या निरीक्षणाने मी लिहिलेल्या सगळ्याला पुरावा दिला.

दारू नेमकी कुठे घाव घालते, असा प्रश्न पूर्वी होता. दोन शक्यता होत्या. एक, किडनी हार्मोनचं ऐकेनाशी होते. दुसरी, हार्मोनच सुटत नाही. १९३० आणि ४०च्या दशकांतच दारू प्यायलेल्यांना पिट्युटरीचा अर्क टोचून पाहिलं गेलं आणि वाढलेली लघवी थांबली. म्हणजे किडनी दारूतही हुकूम मानते. हुकूमच निघत नव्हता.

तुमच्या बहिणीचं हार्मोन गोळीतून येतं. दारू पिट्युटरीला अडवू शकते, पोटात गेलेल्या गोळीला नाही. म्हणून ती उठत नाही.

पण याच्याच पाठीमागे एक धोका आहे. गोळीचा अंमल असताना तिची किडनी पाणी सोडत नाही. तेव्हा बिअरचे दोन-तीन मोठे ग्लास झाले, तर आपल्यासारखं ते पाणी बाहेर जाणार नाही, रक्तात राहील आणि सोडियम उतरेल. डोकेदुखी, मळमळ, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणं. आणि दारू प्यायलेल्या माणसात ही लक्षणं कुणाला वेगळी ओळखूच येत नाहीत, 'चढली' म्हणून झोपवून देतात. ते करू नका. तिला सांगा, तहानेपेक्षा जास्त द्रव नको, मग तो कुठलाही असो. तिच्या डॉक्टरांनी गोळीची एखादी वेळ लांबवून, लघवी मोकळी झाल्यावरच पुढची घ्यायला सांगितलं असेल, तर ते नेमाने पाळा. साठलेलं पाणी निघून जायला मिळावं, एवढ्यासाठीच ते असतं.

वाटसरू_४१

हो, आठवड्यातून एकदा तसं सांगितलंय. ती कंटाळा करते. हे तिला आजच वाचायला देतो. मागच्या वर्षी एका लग्नानंतर ती दिवसभर डोकं धरून पडली होती, आम्ही दारूचंच समजलो. आता शंका येते.

सडाफटिंग

माझी समजूत चुकीची होती हे मान्य. पण मग ती गोळी आपणही पिण्याआधी घेतली तर? रात्रीचं उठणंच नको. दुकानात मिळते.

उत्तररात्र

नको. मनापासून सांगतो, नको. गोळी काम करेल, यात शंका नाही, आणि म्हणूनच नको. बिअरचा पाऊण-एक लिटर अंगात कोंडून घ्याल. बहिणीला ती चालते कारण तिच्यात हार्मोनच नाही आणि तिचं सोडियम तपासलं जातं. तुमच्यात दोन्ही नाही.

निशिगंध_२

मघाशी तुम्ही म्हणालात, नंतर लघवी उलट घट्ट होते. सकाळी गडद पिवळी होते ती तीच का?

उत्तररात्र

हो. दारूचा हा परिणाम रक्तातलं प्रमाण चढत असताना दिसतो. ते स्थिरावलं किंवा उतरायला लागलं की, दारू अजून अंगात असूनही, लघवी ओसरते. तोवर रक्त थोडं घट्ट झालेलं असतं आणि अडवणारा हात ढिला पडलेला असतो, म्हणून व्हॅसोप्रेसिन नेहमीपेक्षाही वर जातं आणि शरीर गमावलेलं पाणी वाचवायला लागतं. मळमळत असेल तर आणखी वर, कारण मळमळ हे व्हॅसोप्रेसिन सोडणाऱ्या सगळ्यात जोरदार कारणांपैकी एक आहे. म्हणून रात्री स्वच्छ आणि भरपूर, सकाळी थोडी आणि गडद. चोवीस तासांचा हिशोब केला तर फरक बराचसा भरून निघतो.

दुसऱ्या पेगाला पहिल्याइतकी लघवी होत नाही, तेही यातच बसतं. अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असेल तर शरीर दारूच्या विरोधात जास्त जोर लावतं.

आठवणीतला_पाऊस

माझे वडील ६८ वर्षांचे. पूर्वी दोन पेग घेतले की एकदा उठायचे. आता एकाच पेगवर रात्री चार-पाच वेळा उठतात, आणि गेल्या महिन्यात तर पिऊन झोपले आणि सकाळी लघवीच होईना, पोट फुगलं. नळी घालावी लागली. वयामुळे हार्मोन कमी झालं असेल का?

उत्तररात्र

वयाबरोबर रात्रीचं व्हॅसोप्रेसिन कमी पडतं हे खरं, पण तुम्ही सांगताय ते त्याने होत नाही. लघवी जास्त तयार होणं वेगळं आणि तयार झालेली बाहेर न पडणं वेगळं. या वयात प्रोस्टेट वाढलेली असण्याची शक्यता मोठी. वाट आधीच अरुंद, त्यात दारूने दोन तासांत अर्धा लिटर लघवी उतरली, झोप गाढ म्हणून जाग आली नाही, मूत्राशय ताणलं गेलं आणि मग त्याला आकुंचनच पावता येईना.

युरॉलॉजिस्टकडे गेलात का? लघवी करून झाल्यावर आत किती उरते, हे सोनोग्राफीत मोजायला सांगा. साखरही बघा. तोपर्यंत दारू नको, आणि सर्दीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत, काहींनी लघवी अडते. त्यांना घरी एक गोष्ट करायला सांगा: प्रत्येक वेळी किती झाली ते मोजून लिहायचं. पाच वेळा उठून दरवेळी ३०० मिली होत असेल तर लघवी जास्त तयार होतेय. दरवेळी ५०-६० होत असेल तर ती आत अडकत असू शकते. दोन दिवसांची ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडेल.

आठवणीतला_पाऊस

नळी काढली आणि आम्ही गप्प बसलो होतो. सोमवारी जातो. वही आजपासून.

मोजपट्टी

आज तिसरा रविवार केला. तेवढीच व्हिस्की, तेवढंच पाणी, पण तीन तासांत घोट घोट. एकूण लघवी ५६० मिली. म्हणजे हळू प्यायलं तर परिणाम जवळजवळ नाहीच?

उत्तररात्र

दिशा बरोबर असावी. हळू प्यायल्यावर रक्तातलं प्रमाण कमी चढतं. पण तुलना पुरी नाही. शेवटचे घोट तिसऱ्या तासात घेतलेत, त्यांची लघवी तुमच्या मोजणीत आलेलीच नाही. पाच तास मोजायला हवं, आणि साधं पाणीही असंच घोट घोट पिऊन एकदा.

पिपेट

एक विचारू? पिट्युटरीत दारू नेमकं काय अडवते? आणि हे माणसात मोजून दाखवता येतं का?

उत्तररात्र

प्राण्यांच्या मज्जातंतूंच्या टोकांवर पाहिलंय की दारूमुळे तिथे कॅल्शियम आत येणं कमी होतं, आणि कॅल्शियम आल्याशिवाय साठा सुटत नाही. पण वर हायपोथॅलॅमसमध्ये, संदेश निघतो तिथेही, ती हात घालते का, आणि दोहोंतलं कुठलं किती, यावर एकमत नाही. माणसात व्हॅसोप्रेसिन मोजणंच अवघड, ते नमुन्यात टिकत नाही हे तुम्हाला माहीत असेलच. त्याच्याबरोबर सुटणारं कोपेप्टिन मोजतात, पण त्यातून हार्मोन कमी झालं एवढंच कळतं, कुठे अडलं ते नाही.

मोजपट्टी

पाच तासांचं पुढच्या रविवारी करतो. साध्या पाण्याचं आधी.